विषय: ऑनलाइन की वर्गातलं शिक्षण? लेकीचा निबंध अडलाय

आई:
नमस्कार मंडळी,
लेक केंब्रिजची बी-टू फर्स्ट ही इंग्रजीची परीक्षा देतेय. प्रश्न: शिकायला ऑनलाइन बरं की वर्ग? 'खर्च' आणि 'इतरांशी भेटणं' हे दोन मुद्दे दिलेले, तिसरा आपला. व्याकरण ठीक आहे, तरी सरावात आशयाला ५ पैकी २ मिळाले. तिनं लिहिलेलं मराठीत सांगायचं तर, "ऑनलाइन शिक्षण स्वस्त असतं, प्रवास वाचतो, वेळ आपल्या हातात राहतो, घरी निवांत शिकता येतं." यात चुकलं काय?

तरुण सभासद:
ताई, शब्द कमी पडले असतील. मी २५० लिहिले होते. दोन्ही बाजू मात्र मांडायलाच हव्यात.

काका:
वर्गच बरा! आमचा नातू ऑनलाइन तासाला कॅमेरा बंद करून झोपतो.

शिक्षिका:
काका, इथे कोणती बाजू खरी ते तपासत नाहीत, ती कशी मांडली ते बघतात. पण तुमचा नातू निबंधाला उपयोगी आहे, पुढे सांगते.

२५० शब्द आयेल्ट्स या वेगळ्या परीक्षेच्या दुसऱ्या टास्कला. इथे १४० ते १९०, आणि ८० मिनिटांत दोन लेखनं.

लेकीनं चार फायदे एका दमात सांगितले, उलगडला एकही नाही. प्रत्येक वाक्यापुढे "बरं, मग?" विचारायला सांगा. ऑनलाइन स्वस्त. बरं, मग? येण्याजाण्याचं भाडं वाचतं, म्हणून लांब राहणाऱ्यालाही तो कोर्स घेता येतो. पण घरात एकच संगणक आणि भावंडं दोन असतील, तर दुसरा विकत घ्यावा लागतो. एकाच मुद्द्यात दोन्ही बाजू आल्या.

शिवाय प्रवास म्हणजे खर्चाचाच भाग, आणि वेळ व निवांतपणा नुसते उल्लेखले. म्हणजे तिसरा मुद्दा तिनं मांडलाच नाही. तिथे काकांचा नातू घ्या. रेकॉर्ड केलेला धडा मागे नेऊन पुन्हा ऐकता येतो. वर्गात हात वर करायला बिचकणाऱ्या मुलाला याचा फार आधार असतो. पण कॅमेरा बंद असला की मूल कुठे अडलंय हे शिक्षकाला चेहऱ्यावरून कळत नाही. वर्गात ते न विचारताही कळतं.

आई:
लिहिलं पुन्हा. आता २१२ शब्द झाले!

शिक्षिका:
सुरुवातीचं "आजच्या आधुनिक युगात" उडवा. तिथे प्रश्नच पुन्हा लिहिलेला असतो.

तरुण सभासद:
आणि स्वतःचं मत? आमचे सर म्हणायचे, पहिल्याच परिच्छेदात द्या.

शिक्षिका:
मी शेवटी द्यायला सांगते. दोन्ही बाजू वाचून झाल्यावर ते पटतं. तुमच्या सरांची पद्धतही चालते, फक्त मग सगळा निबंध त्या मताच्या बाजूनं चालवावा लागतो.

आई:
ती म्हणते, आधीच देणार. उद्या तसं लिहून बघतेय.