विषय: नागपूरच्या घरी गेम मध्येच तुटतो, राउटरच पॅकेट गिळतोय का?

प्रेषक: अनिरुद्ध (सध्या धरमपेठ, नागपूर)

नमस्कार मंडळी,

महिनाभर आई-बाबांकडे आलो आहे. दोघांनाही फसव्या लिंका सारख्या येतात, म्हणून येताना तिकडून चांगला राउटर आणला आणि त्यातली सुरक्षेची सगळी बटणं चालू केली. तेव्हापासून आमच्या ओजसचा ऑनलाइन गेम बिघडला. शनिवारी आपल्या मंडळाच्या मुलांसोबत खेळायला बसतो, लॉगिन होतं, लॉबीत सगळे दिसतात, आवाजही येतो. सामना सुरू झाला की अर्ध्या-पाऊण मिनिटात पडद्यावर `Reconnecting` येतं आणि हा बाहेर. तिकडची पोरं ताटकळतात, त्याला फार वाईट वाटतं.

स्पीड टेस्ट उत्तम, व्हिडिओ कॉल स्वच्छ, `ping` केलं तर एकही पॅकेट हरवत नाही. काल वैतागून राउटरची सगळी सुरक्षा एकदम बंद केली तर गेम चालला. पण आई-बाबांचं घर असं उघडं ठेवून मला परत यायचं नाही. नेमकं काय बंद करू?

प्रेषक: विलास

अनिरुद्ध, हे सीजीनॅट आहे. भारतात बऱ्याच घरगुती जोडण्यांना स्वतंत्र आयपी मिळत नाही, एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. गेमला ते चालत नाही. कंपनीकडून स्टॅटिक आयपी घे आणि ओजसचा लॅपटॉप डीएमझेडमध्ये टाक, म्हणजे बाहेरून येणारं सगळं थेट त्याच्याकडे जाईल. माझ्या भाच्याचं पुण्यात असंच झालं होतं.

प्रेषक: सुनंदा

अनिरुद्ध, सुरक्षा बंद केलीस हे वाचून काळजी वाटली. मुलांसाठीची गाळणी चालूच राहू दे रे. आमच्या नातवाला रात्री दहानंतर नेट बंद होतं, तसंच ओजसचं होत नाही ना? आईला नमस्कार सांग.

प्रेषक: मेधा

अनिरुद्धदादा, सगळं एकदम बंद केल्यावर गेम चालला, म्हणजे दोष बहुधा राउटरमध्येच आहे. पण त्यातल्या कोणत्या भागात, ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी एका वेळी एकच बटण हलवावं लागेल.

सुनंदाकाकू, वेळेचं बंधन असतं तर लॉगिनही झालं नसतं. विलासकाका, सीजीनॅटमुळे गेम अडतात हे खरं, विशेषतः घरूनच सामना होस्ट करायचा असेल तेव्हा. इथे ते सहज तपासता येईल. दादा, फोनच्या हॉटस्पॉटवर एक सामना खेळून बघा. मोबाइल नेटही बहुतेक वेळा सीजीनॅटमागेच असतं. तिथे चाललं तर तो मुद्दा बराच मागे पडतो. आणि डीएमझेडने इथे काही होणार नाही. घुसखोरी रोखणारी तपासणी आत-बाहेर जाणारं प्रत्येक पॅकेट बघते, मग ते डीएमझेडमधल्या लॅपटॉपचं का असेना.

माझा संशय याच तपासणीवर, म्हणजे `Intrusion Prevention` वर आहे. लॉगिन आणि लॉबी साध्या वेबसारखी चालतात, सामना मात्र यूडीपीवर, म्हणजे पोच न मागता पॅकेटं पाठवण्याच्या पद्धतीवर धावतो. तपासणीकडे ओळखीच्या हल्ल्यांच्या खुणांची यादी असते. गेमच्या पॅकेटातले बाइट चुकून एखाद्या खुणेशी जुळले की ते पॅकेट टाकून दिलं जातं. अशा काही राउटरमध्ये आत `Suricata` हा तपासणीचा प्रोग्राम चालतो, त्यात काही खुणा एकदा जुळल्या की त्या जोडणीची पुढची पॅकेटंही टाकली जाऊ शकतात. अशा वेळी सुरुवात नीट होते आणि मग एकदम सगळं थांबतं. नकाराचा निरोप कुणालाच जात नाही. तो गेला असता तर गेमने लगेच एरर दाखवली असती. इथे तो उत्तराची वाट बघत बसतो. `ping` मात्र वेगळ्या प्रकारची पॅकेटं पाठवतं, म्हणून ते स्वच्छ दिसतं.

चाचणी अशी करा. बाकी सगळं चालू ठेवून फक्त हे एक बंद करा. गेम पूर्ण बंद करून तीन मिनिटं थांबा, कारण जुनी जोडणी राउटरच्या तक्त्यात थोडा वेळ शिल्लक असते. मग त्याच सर्व्हरवर तीन सामने. नंतर बटण पुन्हा चालू करून आणखी तीन. ही परतीची फेरी टाळू नका. चालू केल्यावरही पाचेक मिनिटं जाऊ द्या. खुणांची यादी चढायला छोट्या राउटरला वेळ लागतो, तोवर पॅकेटं न तपासता जाऊ शकतात आणि सगळं ठीक आहे असा गैरसमज होतो. प्रत्येक सामन्याची वेळ कागदावर लिहा.

प्रेषक: केदार

मेधाताई, माझं जरा वेगळं निघालं होतं. घुसखोरीचं बटण बंद करून काहीच फरक पडला नाही. दोषी होतं डॉस प्रोटेक्शन, म्हणजे पॅकेटांचा पूर लोटून नेट बंद पाडणारे हल्ले रोखणारं बटण, आणि त्यातला यूडीपी फ्लडचा आकडा. माझ्याकडे मर्यादा सेकंदाला ५०० पॅकेटं होती. गेम एकटा कधी तिच्या जवळही जात नव्हता, पण बायकोने बाजूच्या खोलीत व्हिडिओ लावला की माझा सामना तुटायचा. हल्ली ब्राउझरमधला व्हिडिओही बऱ्याचदा यूडीपीवरच येतो, त्यामुळे मोजणी चटकन ५०० ओलांडते. लॉगमध्ये एक ओळ नव्हती. मी मर्यादा वाढवली, तेव्हापासून त्रास नाही.

प्रेषक: मेधा

केदार, हे फार उपयोगी. दादा, चाचणीच्या वेळी घरात दुसरं कुणी व्हिडिओ बघत असेल तर तेही कागदावर लिहा.

प्रेषक: अनिरुद्ध

केलं सगळं. बाबा वही घेऊन शेजारीच बसले होते.

हॉटस्पॉटवर दोन सामने पूर्ण झाले. मग घरच्या वायफायवर: घुसखोरीचं बटण बंद असताना तीनही पूर्ण. पुन्हा चालू केल्यावर पहिला ४० सेकंदांत तुटला, दुसरा पूर्ण झाला, तिसरा परत तुटला. तो दुसरा सामना बघून बाबा म्हणाले, "सुधरलं वाटते." त्या एका सामन्यावर विसंबलो असतो तर मीही तेच मानलं असतं. टीव्ही पूर्ण वेळ बंद होता, डॉस प्रोटेक्शनला हात लावला नाही.

प्रेषक: मेधा

मग दोषी तेच. आता ते बंद ठेवू नका. त्याच पानावर "रोखा" ऐवजी "फक्त नोंद करा" असा पर्याय असेल, `Detect` किंवा `Notify` अशा नावाचा. तो लावून खेळा आणि तुमच्या वहीतल्या वेळा लॉगशी जुळवा. लॅपटॉपचा पत्ता आणि वेळ दोन्ही जुळणारी ओळ सापडली की फक्त त्या खुणेला सूट द्या आणि "रोखा" परत लावा. सूट लॅपटॉपपुरती देता आली तर उत्तमच, म्हणजे आई-बाबांच्या फोनवरची तपासणी होती तशीच राहील.

प्रेषक: अनिरुद्ध

सापडली. रात्री ९:४२, ओजसच्या लॅपटॉपचा पत्ता, प्रकार `P2P`. घरात टोरंट कुणीच वापरत नाही, म्हणजे राउटरने गेमलाच टोरंट समजलं. त्या एका खुणेला लॅपटॉपपुरती सूट दिली, "रोखा" परत लावलं. काल चार सामने झाले, चारही पूर्ण.

एक गोष्ट मात्र उलगडली नाही. रविवारी सकाळी ओजस खेळायचा तेव्हा गेम कधीच तुटत नव्हता, असं का?

प्रेषक: मेधा

सकाळी कदाचित दुसरा सर्व्हर मिळत असेल, पण खात्रीने नाही सांगता येणार. पुढच्या रविवारी सूट काढून दोन सामने खेळा आणि लॉगमध्ये समोरचा पत्ता कोणता येतो ते लिहून पाठवा. आणखी एक: राउटर खुणांची यादी स्वतःच अद्ययावत करतो. उद्या दुसरीच खूण जुळू लागली तर ही सूट पुरणार नाही, पुन्हा नोंदीपासून सुरुवात करावी लागेल. निघण्याआधी तो लॉग कुठे दिसतो ते बाबांना दाखवून ठेवा.

प्रेषक: विलास

मेधा, हॉटस्पॉटचा मुद्दा पटला. पण भाच्याचं काम स्टॅटिक आयपीनेच झालं होतं, हेही नोंदवून ठेवतो.