मदत हवी आहे : लिंबाच्या बॅटरीचा अंतर्गत रोध कसा कमी करावा?

माझ्या सातवीतील मुलीने लिंबात जस्ताचा मुलामा असलेला खिळा आणि तांब्याची पट्टी खोचून घट तयार केला असून मल्टीमीटरवर त्याचा दाब सुमारे 0.9 व्होल्ट दिसतो. मोठे लिंबू घेऊनही हा आकडा वाढला नाही, तेव्हा दाब फळाच्या आकारावर नव्हे, तर जस्त आणि तांब्याच्या पृष्ठभागांवर होणाऱ्या रासायनिक क्रियांवर ठरतो, हे तिला पटले.

1000 ओहमचा रोध जोडताच मात्र दाब 0.3 व्होल्टवर उतरला. म्हणजे प्रवाह केवळ 0.3 मिलिअँपिअर, आणि उरलेले 0.6 व्होल्ट लिंबातच खर्ची पडत असल्याने घटाचा अंतर्गत रोध सुमारे 2000 ओहम ठरतो. तीन लिंबे एकसर जोडल्यास दाबाबरोबर हा रोधही तिप्पट होतो. त्यामुळे लाल एलईडी जेमतेम मिणमिणतो.

जोडणी तशीच ठेवल्यास दाब हळूहळू आणखी घसरतो, पण पट्टी हलवली की थोडा सावरतो. तांब्यावर साचणारा हायड्रोजन आणि रसाचा स्वतःचा रोध, यांपैकी कोणाचा वाटा किती, हे घरगुती साधनांनी वेगळे कसे मोजता येईल? पट्टी रुंद करावी की दोन्ही धातू जवळ आणावेत? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.