दोघांचा सपोर्ट: आधी कोणाचं, किती वेळात?

मीनल (लंडन):
नमस्कार मंडळी, छोट्या दुकानांसाठी आमचं बिलिंग सॉफ्टवेअर आहे, सपोर्टला आम्ही दोघंच, मी इथे आणि प्रसाद पुण्यात. रोज साधारण २० रिक्वेस्ट येतात, तेवढ्याच निघतात, पण पेंडिंग कायम ६०च्या आसपास, आणि जो तो "अर्जंट" लिहितो. "२४ तासांत काम पूर्ण" असं ग्राहकांना कळवायचंय, जमेल?

श्रीकांतकाका:
जो आधी आला त्याचं आधी, म्हणजे कोणाची तक्रार नको. बँकेत आम्ही तेच करायचो.

सुनीता:
काका, एकाच प्रकारच्या कामांत ते बरोबर आहे, पण दुकान बंद पडलेला माणूस रिपोर्टचा रंग बदलून मागणाऱ्याच्या मागे नको ना. मीनल, आधी साधा भागाकार कर, पेंडिंग ६०, रोज २० निघतात, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्ट सरासरी ३ दिवस तुमच्याकडे पडून असते, मग २४ तासांचा शब्द पाळणार कसा? एखाद्या शनिवार-रविवारी जास्तीचं बसून ४० जुन्या काढल्यात तर त्याच वेगात सरासरी १ दिवसावर येते, पण ती सरासरी, काहींना जास्त लागणारच. म्हणून पहिलं उत्तर आणि काम पूर्ण, या दोन वेळा वेगळ्या सांग.

आणि "अर्जंट" शब्दावर जाऊ नकोस, नुकसान कुठे होतंय ते बघ. "प्रिंटर बंद, अर्जंट!!" आलं पण दुसऱ्या काउंटरवर बिल निघतंय, तर ४ तासांत उत्तर चालेल. उलट "व्हॅट चुकीचा लागतोय वाटतं, सवडीने बघा" असं कोणी लिहिलं तर प्रत्येक बिल चुकीचं जातंय, ते ३० मिनिटांत हातात घ्यायचं. बाकीचं दुसऱ्या दिवशी, पण ५ दिवस पडून राहिलं की एक पायरी वर, नाहीतर ते कधीच निघणार नाही.

अनघा:
आमच्या दिवाळीच्या तिकिटांच्या मेलला पण असंच करा ना, मी अजून वाट बघतेय!

सुनीता:
अनघा, ते कमिटीला विचार गं 🙂 मीनल, ३० मिनिटं पाळायची तर एका वेळी एकाने फक्त रांगेवर लक्ष ठेवायचं, दुसऱ्याने मोठं काम. लंडनचे ९ ते १ प्रसाद, नंतर तू.

मीनल:
म्हणजे त्याचे आत्ता दुपारी दीड ते साडेपाच, आणि ऑक्टोबरअखेर इथली घड्याळं मागे गेली की अडीच ते साडेसहा, त्याला आधीच सांगते. आणि ग्राहकाला आम्ही काही विचारलं आणि तो दोन दिवस गप्प, तर ते दिवस आमच्या वेळेत धरायचे का?

सुनीता:
आम्ही धरत नाही. पण मग घड्याळ थांबवायला म्हणून उगाच प्रश्न विचारले जातात, ते आठवड्यातून एकदा तपासावं लागतं.

श्रीकांतकाका:
मला नाही पटत, ग्राहकाच्या दृष्टीने दिवस तो दिवसच. आणि रविवारी दुकानं उघडी असतात, तेव्हा कोण बघणार?

मीनल:
रविवारचं अजून ठरलं नाहीये काका, प्रसादशी बोलून कळवते.