मदत हवी आहे: धारण तलावाचा पंप, स्पेसिफिक स्पीड ७०९२ आला, मिक्स्ड फ्लो घ्यायचा की ॲक्सियल?

रोहिणी_स्थापत्य

नमस्कार. नवी मुंबईतल्या एका धारण तलावावर पावसाळी पाणी खाडीत उपसण्यासाठी जुन्या पंपांच्या जागी नवे बसवायचे आहेत. मी स्थापत्यची, त्यामुळे पंपाच्या बाबतीत हात जरा आखडता आहे.

एका पंपाचा डिस्चार्ज ५०० लिटर प्रति सेकंद. मोठ्या भरतीला स्टॅटिक हेड ३.३ मीटर, पाइप आणि फ्लॅपमधला लॉस १.२ मीटर, एकूण ४.५. एका पुरवठादाराने ९८० आरपीएमचा ॲक्सियल दिलाय, दुसऱ्याने ७३५ आरपीएमचा मिक्स्ड फ्लो. मी ९८० धरून गणित केलं:

```
980 × √500 / 4.5^0.75 = 7092
```

नेटवरच्या तक्त्यात ४००० ते ९००० मिक्स्ड फ्लो आणि त्यापुढे ॲक्सियल असं दिसतं. म्हणजे ॲक्सियलवाला चुकीचा पंप गळ्यात मारतोय का? दोन दिवसांत टिपण द्यायचं आहे.

खाडीकाठ

ताई, हेड पाच मीटरच्या आत असेल तर डोळे मिटून ॲक्सियल. त्यात गणित कसलं? आणि उद्या मिक्स्डची गरज वाटलीच तर व्हीएफडी लावून वेग कमी करा. वेग उतरला की स्पेसिफिक स्पीडही उतरतो.

पंपघर

रोहिणीताई, आकडेमोड बरोबर आहे, घोळ एककांचा आहे. तुमचा तक्ता अमेरिकन गॅलन प्रति मिनिट आणि फुटांचा. तुम्ही घातले लिटर आणि मीटर. उत्तर नेमकं तक्त्याच्या आवाक्यातच पडलं, म्हणून शंका आली नाही. घनमीटर प्रति तास घातले असते तर १३,४५७ आले असते आणि तुम्ही उलट्या निष्कर्षावर गेला असता. डिस्चार्ज घनमीटर प्रति सेकंदात घ्या:

```
980 × √0.5 / 4.5^0.75 = 224
735 × √0.5 / 4.5^0.75 = 168
```

या मेट्रिक आकड्यांत ढोबळमानाने साठपर्यंत रेडियल, तिथून दीडशेच्या आसपास मिक्स्ड आणि पुढे ॲक्सियल. सीमा पुसट आहेत, एकमेकींत शिरतात. २२४ म्हणजे सरळ ॲक्सियल. १६८ उंबरठ्यावर, तिथे मिक्स्डही बसतो. दोन्ही पुरवठादार आपापल्या वेगाला धरूनच बोलत आहेत.

हा आकडा आकार का ठरवतो ते तुमच्याच पंपावर बघा. रेडियल इम्पेलरने ४.५ मीटर हेड द्यायचं तर कडेचा वेग साधारण ९.४ मीटर प्रति सेकंद पुरतो. ९८० आरपीएमला त्यासाठी इम्पेलरचा व्यास येतो जेमतेम १८३ मिमी. पण ५०० लिटर पाणी साडेतीन मीटर प्रति सेकंदाने आत घ्यायला तोंड लागतं ४२५ मिमीचं. तोंड अख्ख्या इम्पेलरपेक्षा मोठं! पाणी आतून बाहेर फेकायला जागाच उरत नाही. म्हणून पाती आडवी होत होत शेवटी प्रोपेलर होतो, पाणी शाफ्टच्याच दिशेने पुढे जातं आणि पाती त्याला थोडंसंच वळवतात.

खाडीकाठ, कमी हेड हा निम्मा भाग झाला. हेच ४.५ मीटर हेड पण डिस्चार्ज २० लिटर असेल, तर ९८० ला आकडा ४५ च्या आसपास येतो. तिथे रेडियलच.

आणि व्हीएफडीचं तुमचं म्हणणं पंप निवडताना खरं आहे, घेतलेल्या पंपाला लागू नाही. वेग निम्मा केला की डिस्चार्ज निम्मा होतो, हेड चौथाई होतं. सूत्रात घाला, आकडा तोच येतो. ॲक्सियल पंप हळू फिरवला तरी ॲक्सियलच राहतो.

टेरेस_टाकी

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत तळटाकीतून गच्चीवर पाणी चढवतो. ४० मीटर हेड, तासाला १० घनमीटर, पंप २९०० आरपीएमचा. वीजबिल फार येतं. आम्ही ॲक्सियल घेतला तर बचत होईल का?

पंपघर

नाही, तुमचा आकडा दहाच्याही खाली आहे. तिथे अरुंद तोंडाचा रेडियलच लागतो, ॲक्सियल गच्चीपर्यंत पाणी पोचवणारच नाही. इतक्या कमी आकड्याला एका इम्पेलरची कार्यक्षमता मुळातच बेताची असते. हेड दोन-तीन टप्प्यांत वाटून दिलं तर प्रत्येक टप्प्याचा आकडा वाढतो. मल्टिस्टेजचं कोटेशन मागवा आणि वेगळा धागा काढा, इथे ताईंचा विषय मागे पडेल.

रोहिणी_स्थापत्य

एककांचं लक्षात आलं, आभार. मग ९८० चा ॲक्सियल घ्यायला हरकत नाही ना? ऑपरेटरना जुन्या सेंट्रिफ्यूगलची सवय आहे, ते डिलिव्हरी वॉल्व्ह बंद ठेवून पंप सुरू करतात.

पंपघर

ती सवय पहिल्याच दिवशी मोडा. रेडियल पंप वॉल्व्ह बंद असताना सर्वांत कमी पॉवर घेतो, ॲक्सियल तिथेच सर्वांत जास्त. तुमच्या ड्यूटीला ७८ टक्के कार्यक्षमता धरली तर शाफ्टवर २८ किलोवॅट लागतील, म्हणजे ३७ ची मोटर येईल. वॉल्व्ह बंद असताना हाच पंप दीड ते दुप्पट पॉवर मागू शकतो. ओव्हरलोड रिले पडणार, आणि कुणी त्याचं सेटिंग वाढवलं तर वाइंडिंग जळणार. अशा पंपाला डिलिव्हरीला वॉल्व्ह न देता नुसता फ्लॅप ठेवणं बरं.

पण फ्लॅपही खाडीच्या गाळात रुतला की तो बंद वॉल्व्हच झाला. ओळखायची खूण अशी: अँपिअर वाढतात आणि पाणी मात्र कमी येतं. रेडियलवर पाणी कमी झालं की अँपिअरही उतरतात, त्यामुळे जुने ऑपरेटर वाढलेले अँपिअर बघून ‘पंप जोरात चाललाय’ असं समजतात. पावसाळ्याआधी फ्लॅप हाताने उघडून बघायलाच हवा.

दुसरं, ॲक्सियलच्या कर्व्हमध्ये डावीकडे एक खळगा असतो. हेड वाढून पंप त्यात शिरला की पाण्याचा प्रवाह पात्यावरून सुटतो, घरघर आणि कंपनं सुरू होतात. दोघांकडूनही शून्य डिस्चार्जपासूनचा पूर्ण कर्व्ह मागवा, पॉवरच्या रेषेसकट. मिक्स्डमध्ये ही दोन्ही दुखणी सौम्य असतात.

आणि बेलमाउथवर पाणी किती राहतं? ७०० मिमीच्या बेलला ५०० लिटरसाठी साधारण दीड मीटर बुडी हवी. नाहीतर भोवऱ्यातून हवा खेचली जाते.

खाडीकाठ

व्हीएफडीचं मान्य, माझं चुकलं. पण मिक्स्डच्या पात्यांतून प्लास्टिक सुटत नाही. जाळीच्या पट्ट्यांमधलं अंतर आधी बघा.

पंपघर

जाळी दोघांनाही लागेलच. कचरा कुठल्या पात्यात जास्त अडकेल हे पात्यांची संख्या आणि त्यांच्या कडा बघितल्याशिवाय मी सांगणार नाही.

रोहिणी_स्थापत्य

आज दोघांशी बोलले. ९८० वाल्याचा कर्व्ह ३३० लिटरपासूनच सुरू होतो, डावीकडचा भाग दिलेलाच नाही. ७३५ वाल्याचा पूर्ण आहे आणि शटऑफला पॉवर ड्यूटीपेक्षा थोडीच जास्त आहे. पण त्या पंपाला स्लॅबमध्ये ९५० मिमीचं भोक लागतं, आपलं ८०० चं आहे. तलाव रिकामा होत आला की बेलवर १.१ मीटरच पाणी उरतं.

पंपघर

१.१ कमीच आहे, कुठलाही पंप घ्या. पंप बंद होण्याची पातळी ४० सेंटीमीटर वर घ्या. तेवढी साठवण तलावात कमी मिळेल, ती चालते का ते तुमच्या पावसाच्या गणितात बघा. अपुऱ्या कर्व्हवर ९८० ला होकार देऊ नका. स्लॅब कापता येईल का, हे मात्र इथे तुम्हीच जास्त जाणता.

रोहिणी_स्थापत्य

भोकाच्या कडेने बीम जातो. ड्रॉइंग काढून बघते. टिपणाला आठवडाभराची मुदत मागितली आहे.