मदत हवी आहे: बाबांच्या पोस्टपेड क्रमांकावर रोमिंग डेटाचे 27,140 रुपयांचे बिल

धागाकर्ता: पर्वतीकर

आई-बाबा दोहामार्गे स्वित्झर्लंडला जाऊन आले. बाबांनी सात दिवसांचा रोमिंग पॅक घेतला होता आणि त्यातला डेटा शेवटपर्यंत पुरला. तरीही बिलात परतीच्या दिवशी, म्हणजे 16 तारखेला, पॅकबाहेरचा 46 एमबी डेटा दाखवला असून 500 रुपये प्रति एमबी दराने 23,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 4,140 लावला आहे. नोंदींची वेळ दुपारी 12.20 ते 2.50 आहे. विमान झुरिकहून साडेअकराला निघाले आणि फोन त्याआधीच फ्लाइट मोडवर होता, मग हा डेटा वापरला कोणी? बाबांनी त्या सकाळी फोन हातातही घेतला नव्हता. फोन अँड्रॉइड आहे. पुढच्या वेळी खर्चाला ठरावीक रकमेचा आळा घालता येतो का, हेही जाणून घ्यायचे आहे.

मांडवीकाठ

आमच्याकडेही असेच झाले होते. क्रूझवर जहाजाचे स्वतःचे नेटवर्क फोनने आपोआप पकडले आणि ते पॅकमध्ये धरलेले नव्हते. विमानातल्या नेटवर्कचेही बहुधा तसेच असते. तुमच्या बाबांनी विमानात फोन चालू केला असणार.

सदाशिव

युरोपात रोमिंग डेटाला 50 युरोची मर्यादा कायद्यानेच आहे. तिच्यावर गेलेली रक्कम भरूच नका.

जुना लाइनमन

सदाशिवराव, ती मर्यादा 2010 पासून आहे हे खरे, पण ती युरोपीय संघातल्या कंपन्यांच्या ग्राहकांसाठी आहे. भारतीय सिम घेऊन गेलेल्या माणसाला ती लागू होत नाही, आणि स्वित्झर्लंड तर संघातही नाही.

पर्वतीकर, बिलातली वेळ भारतीय असावी असा माझा अंदाज आहे. उन्हाळ्यात स्वित्झर्लंडचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते. म्हणजे तुमच्या नोंदी तिथल्या सकाळी 8.50 ते 11.20 या वेळेतल्या ठरतात. तेव्हा दोघे कुठे होते आणि जाताना दोहाला फोन किती वाजता चालू केला, हे विचारून घ्या.

पर्वतीकर

साडेआठला हॉटेल सोडले, मग रेल्वे आणि विमानतळ. दोहाला 9 तारखेला सकाळी साडेसहाच्या सुमारास फोन चालू करून मला संदेश पाठवला होता.

जुना लाइनमन

मग कोडे बरेचसे सुटते. अनेक पॅकची मुदत पहिल्या परदेशी नेटवर्कवर वापर सुरू होताच धावू लागते आणि तासांत मोजली जाते. दोहाचे साडेसहा म्हणजे आपले नऊ. तिथून 168 तास 16 तारखेला भारतीय वेळेने सकाळी नऊला, म्हणजे झुरिकच्या पहाटे साडेपाचला संपले. साडेआठपर्यंत हॉटेलचे वायफाय असल्याने काही कळले नाही. बाहेर पडताच फोन मोबाइल डेटावर आला आणि रोमिंगची कळ पॅकसाठी चालूच होती. तुमच्या पॅकच्या अटींत मुदत अशीच मोजतात का, ते मात्र तपासा.

आता फोनमधील डेटा वापराच्या यादीत जाऊन प्रत्येक ॲपचा `Background` आकडा पाहा. हा आकडा संपूर्ण कालावधीचा असल्याने त्या अडीच तासांचा पुरावा त्यातून मिळणार नाही, पण कोणावर संशय घ्यायचा ते समजेल.

पर्वतीकर

सर्वांत मोठा आकडा फोटोंच्या बॅकअपचा निघाला. ॲपच्या सेटिंगमध्ये रोमिंगवरही बॅकअपला परवानगी दिलेली होती. ती आता बंद केली आहे. फोनमध्ये डेटा मर्यादा घातली तर पुरेल का?

जुना लाइनमन

ती मर्यादा एमबी मोजते, रुपये नव्हे, आणि पॅक संपल्याचे तिला कळत नाही. शंभर एमबीची मर्यादा घातली असती तरी तुमचे 46 एमबी निसटलेच असते. आळा कंपनीच्या बाजूनेच हवा: पोस्टपेडची क्रेडिट मर्यादा लेखी विनंती करून कमी करून घ्या, आणि पॅक संपताच डेटा थांबवण्याची सोय कंपनीच्या ॲपमध्ये आहे का ते पाहा. ती नसेल तर परतीच्या आदल्या रात्री रोमिंग डेटा बंद करणे एवढेच उरते. प्रीपेडवर निदान शिल्लक संपली की खर्च थांबतो.

सदाशिव

पण कंपनीला हा वापर उशिरा कळतो ना? परदेशी नेटवर्कची बिले नंतर येतात.

जुना लाइनमन

हिशेबाच्या फायली नंतर येतात, हे बरोबर. डेटा मात्र सहसा आपल्याच कंपनीच्या गेटवेतून जातो, त्यामुळे तो त्याच वेळी मोजता येतो. म्हणून तक्रारीत एवढेच विचारा: पॅक संपल्याचा आणि क्रेडिट मर्यादा गाठत आल्याचा संदेश किती वाजता पाठवला? तक्रार क्रमांक जपून ठेवा. उत्तर पटले नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते, त्यासाठी 30 दिवस असतात.

पर्वतीकर

पॅक संपल्याचा संदेश सापडला, पण तो दोहाला पोहोचल्यावर आलेला दिसतो. फोन विमानात बंद असल्याने उशिरा आला, की कंपनीनेच उशिरा पाठवला, हे यावरून ठरवता येईल का? तक्रार नोंदवली आहे.

जुना लाइनमन

तुमच्या फोनवरून नाही ठरणार. पाठवल्याची नोंद कंपनीकडेच मागा.