एकच मॉडेल, दोन शहरं, 14 टक्क्यांचा फरक: दूरची गाडी घ्यावी का?

पहाटवारा: पाच वर्षं वापरलेली पेट्रोल हॅचबॅक शोधतोय. आमच्याकडे ती 100 ला मिळते असं धरलं, तर सहा तासांवरच्या मोठ्या शहरात 86 ला दिसते. वर्ष, व्हेरिअंट, किलोमीटर सगळं जुळवून पाहिलं. एवढा फरक का? आणि तिथून आणली तर खरंच पैसे वाचतील का?

क्लचप्लेट: मोठ्या शहरातली गाडी ट्रॅफिकमध्ये पिचलेली असते, म्हणून स्वस्त. लांबच राहा.

जुनागिअर: हे अर्धंच खरं. ट्रॅफिकमध्ये क्लच आणि ब्रेक झिजतात, पण ते बदलता येतात. भाव पडतो तो मुख्यतः पुरवठ्यामुळे. तिथे लोक लवकर गाडी बदलतात, कंपन्या आणि भाड्याने गाड्या देणारे एकदम लॉट काढतात. शेजारी तशाच पन्नास गाड्या उभ्या असतील तर विकणारा ताणून धरत नाही. तुमच्याकडे चारच असतील, म्हणून तो अडून बसतो.

आता हिशेब. 100 हा मागितलेला भाव आहे. घासाघीस करून समजा 96 वर आला. तिथला 86 फारसा खाली येणार नाही असं धरू, कारण तो आधीच पडलेला आहे. राहिले 10. जाऊन मेकॅनिककडून तपासणी 2, गाडी आणणं 2, नोंदणीचा विभाग बदलत असेल तर कर आणि कागदपत्रं 4. हाती उरले 2. चार टायर बदलावे लागले की तेही गेले. कराचा आकडा मात्र आधी नोंदणी कार्यालयातच विचारा, सगळा खेळ त्यावर फिरतो.

लाटांचंगाव: माझी गाडी समुद्राकाठच्या शहरातली आहे, आतल्या शहरात विकली तर जास्त येतील का?

जुनागिअर: प्रश्न घेण्याचा आहे, पण मुद्दा कामाचा आहे. खाऱ्या हवेत खालचा पत्रा गंजतो, म्हणून जाणकार तिथल्या गाडीला कमी देतो. पहाटवारा, गाडी आज कुठे उभी आहे यापेक्षा आधी कुठे होती ते नोंदणीच्या इतिहासात बघा. खाली ताजा काळा लेप दिसला तर तो गंजावर मारलेला नाही ना, ते तपासा.

ओलीचटई: मी अशीच स्वस्त गाडी आणली, ती पुरात बुडालेली निघाली. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तेव्हा टोकाला गाळाची रेघ दिसली. स्टेपनीखालीही माती होती. पैसे देण्याआधी या दोन जागा बघायला हव्या होत्या.

पहाटवारा: म्हणजे तिथल्या जाहिराती दाखवून इथेच भाव पाडून घेऊ?

जुनागिअर: हो, पण 86 मागू नका. आणण्याचा खर्च त्यालाही ठाऊक आहे. 94 पासून बोला.

क्लचप्लेट: आणि पुढे विकताना बाहेरच्या नोंदणीची गाडी म्हणून भाव कापतात, ते धरलंच नाही.

जुनागिअर: कापतात, पण नवी नोंदणी झाल्यावर किती, यावर माझं अजून मत पक्कं नाही.

पहाटवारा: उद्या नोंदणी कार्यालयात जाऊन कराचा आकडा घेतो, मग इथे टाकतो.