‘आश्चर्य वाटते’ गाताना का अडखळतं?

बोरुबहाद्दर: ‘ट्विंकल ट्विंकल लिटल स्टार’चा एक मराठी अनुवाद तपासायला आला आहे, मूळ चालीवरच म्हणायचा.

चमक चमक लहान तारा
मला आश्चर्य वाटते तू काय आहेस

कोशात ‘वंडर’ला आश्चर्यच दिलंय, म्हणजे अर्थ चुकला म्हणता येत नाही. पण म्हणून पाहिलं की कानाला खुपतं. दोष कोणत्या शब्दाचा?

लगक्रम: शब्दाचा नाही, मोजणीचा. या चालीत ओळीला सात सूर आहेत: सा सा प प ध ध प. पहिले सहा एकेका मात्रेचे, सातवा दोन मात्रांचा. ‘चमक चमक लहान तारा’ बोलताना आठ तुकडे पडतात, म्हणून अडखळतं. सात करा, काम झालं.

पायपेटी: अर्धंच बरोबर. ‘लहान’ आपण सहज ‘ल्हान’ म्हणतो. च-मक-च-मक-ल्हान-ता-रा, झाले सात. ओळ चालीत चपखल बसली आणि तरी परकीच राहिली, कारण लहान मुलाशी बोलताना ताऱ्याला आपण ‘चमक’ म्हणत नाही. चमकते ती वीज किंवा घासलेलं भांडं, तारा लुकलुकतो.

दुसऱ्या ओळीत मात्र दोन्ही रोग आहेत. सात जागांत अकरा तुकडे कोंबलेत, शिवाय ‘आश्चर्य’मधला ‘र्य’ एका मात्रेत धड उच्चारताच येत नाही. अर्थही घसरलाय. आश्चर्य वाटतं ते घडून गेलेल्या, कळलेल्या गोष्टीचं. इथे मुलाला काही कळलेलंच नाही, त्याला कुतूहल आहे. आणि ‘तू काय आहेस’ हे मराठीत भांडणातलं वाक्य झालं.

खडूस: पाठीत भरते तीही चमकच. ‘चमक चमक’ ऐकून आयोडेक्स आठवतं.

बोरुबहाद्दर: मग ‘वंडर’ला शब्द कोणता? नवल? कुतूहल?

पायपेटी: शब्द शोधू नका. मराठीत हा भाव क्रियापदाच्या रूपात येतो. दार वाजलं की आपण ‘मला कुतूहल वाटते की कोण आहे’ म्हणत नाही, ‘कोण असेल बाई?’ म्हणतो. तेच ‘असेल’ इथे आणा:

लुकलुक लुकलुक चांदणी
कोण गं बाई असशील तू

कोण-गं-बा-ई-अस-शील-तू, नेमके सात. शेवटच्या दोन मात्रांवर ‘तू’ मोकळा लांबवता येतो.

लगक्रम: पण पहिली ओळ तुमच्याच हिशोबाने सहा भरते! ‘चांदणी’ आपण चांद-णी म्हणतो.

पायपेटी: बोलताना दोन, गाताना चां-द-णी तीन. ओवी-अभंगात असा ‘अ’ सर्रास उघडतो.

लगक्रम: मग ‘चमक’सुद्धा च-म-क उघडा. सोयीचं तिथे उघडायचं आणि गैरसोयीचं तिथे मिटायचं, याला नियम म्हणत नाहीत.

पायपेटी: शब्दाच्या शेवटचा ‘क’ उघडला की गाणं लगेच जुन्या वळणाचं वाटतं, मधला ‘द’ उघडला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. नियम म्हणा नाहीतर कानाची सवय म्हणा.

सोवळेशास्त्री: तिसऱ्या ओळीला ‘किती उंच तू आभाळी’ घ्यावे. ‘आभाळात’ गद्य आहे.

खडूस: घरी, दारी बोलतात, ‘आभाळी’ आज कोण बोलतं? भाषांतराचा ताठरपणा काढायचा आणि शंभर वर्षांपूर्वीचा घालायचा! ‘किती उंच तू आभाळात’ही सातच आहे.

सोवळेशास्त्री: शेवटचा सूर लांबतो तिथे ‘ळी’ खुला राहतो, ‘ळात’ला ‘त’ येऊन दार लावतो.

खडूस: ‘ळा’ लांबवा, ‘त’ शेवटी टाका. गाणारे तसंच करतात.

माजघर: हिऱ्याच्या उपमेला ‘नथीतला जणू खडा’ कसं? न-थीत-ला-ज-णू-ख-डा, मोजून सात.

सोवळेशास्त्री: नथ मोत्यांची. तिच्यातला खडा बहुधा लाल किंवा गुलाबी. आकाशात मंगळ दाखवायचा आहे का?

माजघर: मग ‘चमकीचा जणू खडा’. नाकातली चमकी, एकच पांढरा खडा.

बोरुबहाद्दर: हे भाषांतर की रूपांतर? मुळात साधा हिरा आहे. ‘हिरा जसा आभाळात’ यात मराठीला काय खुपतं?

माजघर: खुपत काहीच नाही. पण मुलाने हिरा पाहिलेला नसतो, आजीची चमकी पाहिलेली असते.

बोरुबहाद्दर: इंग्रजी मुलाने १८०६ मध्ये तरी कुठे पाहिला होता?

नभांगण: मूळ शंका निराळीच आहे. तारा पुल्लिंगी, त्याची चांदणी करून ‘गं बाई’ म्हटलंत. शिवाय आपण शुक्रालाही चांदणी म्हणतो, आणि शुक्र ग्रह असल्याने स्थिर दिसतो, लुकलुकत नाही.

खडूस: क्षितिजाजवळ असला की शुक्रही लुकलुकतो. पाहा एकदा.